ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी व्हिसाचे मंजुरीपत्र कसे वाचावे

ऑस्ट्रेलियात शिकायला निघालेल्या विद्यार्थ्याच्या पासपोर्टवर व्हिसाचा कागद चिकटवलेला नसतो. ती पद्धत २०१५ मध्येच बंद झाली. व्हिसा तेथील गृहव्यवहार खात्याच्या संगणकात पासपोर्ट क्रमांकाशी जोडलेली एक नोंद म्हणून राहतो, आणि ती नोंद झाल्याचे कळवणारे काही पानांचे पत्र पीडीएफ स्वरूपात ईमेलने येते. "Visa Grant Notice" नावाच्या या पत्रात बहुतेकांचे लक्ष नाव, मंजुरीची तारीख आणि शेवटची तारीख एवढ्याच गोष्टींवर जाते. पुढच्या दोन-तीन वर्षांत ज्या गोष्टींवरून अडचणी उद्भवतात त्या मात्र त्याच पत्रात चार आकडी क्रमांकांच्या रूपात दिलेल्या असतात. या लेखात सबक्लास 500 या विद्यार्थी व्हिसाचे पत्र घेऊन त्यातील मुक्काम, अर्धवेळ काम आणि पुन:प्रवेश यांसंबंधीचा मजकूर नेमका काय सांगतो, ते पाहू.

समजून घ्यायला सोपे जावे म्हणून एक कल्पित उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. सांगलीची एक विद्यार्थिनी मेलबर्नमधील एका विद्यापीठात दोन वर्षांच्या, लेखी परीक्षांवर आधारित पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जाते आहे. तिचा अभ्यासक्रम २० जुलै २०२६ रोजी सुरू होऊन ३० जून २०२८ रोजी संपतो आणि तिला ३० ऑगस्ट २०२८ पर्यंतचा व्हिसा मिळाला आहे.

पहिली गोष्ट पत्राच्या मजकुराइतकीच महत्त्वाची आहे: हे मूळ पत्र विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हाती असले पाहिजे. अर्ज एजंटामार्फत केला असेल आणि पत्रव्यवहार स्वीकारण्यासाठी एजंटाचे नाव दिले असेल, तर खाते पत्र एजंटाला पाठवते. पुष्कळ विद्यार्थ्यांना मग व्हॉट्सॲपवर पहिल्या पानाचा फोटो आणि अभिनंदनाचा संदेश तेवढा मिळतो. अटींची यादी पुढच्या पानांवर असल्याने तेवढ्यावर समाधान मानू नये. संपूर्ण पीडीएफ मागून घ्यावी आणि त्यातील व्हिसा मंजुरी क्रमांक व अर्जाचा संदर्भ क्रमांक स्वतंत्रपणे लिहून ठेवावेत. या दोहोंपैकी एक क्रमांक, जन्मतारीख आणि पासपोर्टचा तपशील दिला की गृहव्यवहार खात्याच्या VEVO या विनामूल्य संगणकीय सेवेवर आपल्या व्हिसाची त्या दिवशीची स्थिती दिसते. पत्र मंजुरीच्या दिवशीची स्थिती सांगते, आज काय आहे ते VEVO सांगते. नोकरी देणारा, विद्यापीठ किंवा बँक यांना व्हिसाची खात्री करायची असते तेव्हा तेही याच सेवेचा आधार घेतात. पत्रातील नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक पासपोर्टाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावेत आणि चूक दिसल्यास तिकीट काढण्यापूर्वी खात्याला कळवावे.

आता तारखा. पत्रात "Must not arrive after" या शीर्षकासमोर एक तारीख असते आणि मुक्कामाच्या मुदतीसमोर दुसरी. विद्यार्थी व्हिसात या दोन्ही तारखा बहुधा एकच असतात, त्यामुळे त्यांचा अर्थही एकच आहे असे वाटते. तसे नाही. पहिली तारीख देशात प्रवेश करण्याची शेवटची मुदत सांगते आणि दुसरी देशात राहण्याची. आपल्या विद्यार्थिनीच्या पत्रात दोन्हीकडे ३० ऑगस्ट २०२८ आहे, म्हणजे त्या दिवशीपर्यंत ती केव्हाही आत येऊ शकते आणि त्याच दिवसापर्यंत राहू शकते. "Travel" या शीर्षकासमोर "Multiple" असा शब्द असल्याने या मुदतीत कितीही वेळा बाहेर जाऊन परत येण्याची तिला मुभा आहे.

अभ्यासक्रम ३० जूनला संपत असताना व्हिसा ३० ऑगस्टपर्यंत का, असा प्रश्न पडतो. दहा महिन्यांहून मोठा अभ्यासक्रम जानेवारी ते ऑक्टोबर या काळात संपत असेल, तर खाते सर्वसाधारणपणे त्यापुढे दोन महिने देते. तोच अभ्यासक्रम नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, म्हणजे तेथील शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस संपत असेल, तर व्हिसा पुढच्या वर्षाच्या १५ मार्चपर्यंत मिळतो. दहा महिन्यांच्या आतील अभ्यासक्रमांना एकच महिना मिळतो. हे सर्वसाधारण धोरण झाले. आरोग्य विम्याची मुदत आधी संपत असेल तर व्हिसाची तारीखही त्यानुसार अलीकडे येऊ शकते. म्हणून प्रवेशनिश्चितीपत्र, विम्याचा कागद आणि मंजुरीपत्र शेजारी ठेवून तिन्हींवरील शेवटच्या तारखा एकदा पाहाव्यात. हे पाच मिनिटांचे काम आहे आणि विम्याची तारीख कमी पडते आहे हे बहुतेकदा येथेच लक्षात येते.

तारखांच्या खाली अटींचे क्रमांक येतात. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या पत्रात 8105, 8202, 8501, 8516, 8517 आणि 8533 हे क्रमांक सहसा आढळतात. क्रमांकापुढे दोन-चार शब्दांचे शीर्षक असते, उदाहरणार्थ 8105 पुढे "Work limitation". शीर्षकावरून विषय कळतो, मर्यादा कळत नाही, म्हणून प्रत्येक क्रमांकाचा पूर्ण मजकूर खात्याच्या संकेतस्थळावर जाऊन वाचावा लागतो. सर्वांत जास्त गैरसमज 8105 बद्दल आहेत, म्हणून तिच्यापाशी थोडे अधिक थांबू.

8105 या अटीचे तीन भाग आहेत. अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी मुळीच काम करता येत नाही. अभ्यासक्रम चालू असताना १४ दिवसांत ४८ तासांहून अधिक काम करता येत नाही. अधिकृत सुट्टीच्या काळात तासांची मर्यादा नाही. ४८ तासांचा आकडा १ जुलै २०२३ पासून लागू आहे. त्याआधी मर्यादा ४० तासांची होती आणि जानेवारी २०२२ पासून जून २०२३ पर्यंत ती पूर्णपणे शिथिल केली होती. त्या काळात तेथे असलेल्या दादा-ताईंकडून आजही "तासांचे कोणी विचारत नाही" असा सल्ला मिळतो. तो त्या वेळच्या नियमाचा आहे आणि आज तो घातक ठरेल.

हे १४ दिवस नियमानुसार सोमवारी सुरू होतात, पण कोणत्या सोमवारी, हे नियम ठरवून देत नाही. कोणत्याही सोमवारपासून पुढचे १४ दिवस मोजले तरी बेरीज ४८ च्या आत असावी लागते. दर सोमवारी नवा हिशेब सुरू होतो आणि प्रत्येक आठवडा दोन हिशेबांत मोजला जातो, एकदा मागच्या आठवड्यासोबत आणि एकदा पुढच्या.

आपल्या विद्यार्थिनीचा ऑगस्ट २०२६ मधील कामाचा हिशेब पाहू. ३ ऑगस्टला सुरू झालेल्या आठवड्यात तिने एका सुपरमार्केटमध्ये १४ तास काम केले. १० ऑगस्टच्या आठवड्यात दोन सहकारी रजेवर गेल्याने तिच्या वाट्याला ३४ तास आले. १७ ऑगस्टच्या आठवड्यात ३० तास झाले आणि २४ ऑगस्टच्या आठवड्यात १८. तिचा पगार दर दोन आठवड्यांनी होतो, त्यामुळे पहिल्या वेतनपावतीवर ४८ तास आहेत आणि दुसऱ्या वेतनपावतीवरही ४८. दोन्ही पावत्या पाहून आपण नियमात बसलो अशी तिची समजूत होते. पण १० ऑगस्ट हाही सोमवारच आहे. तेथून १४ दिवस मोजले तर ३४ अधिक ३० असे ६४ तास होतात, म्हणजे मर्यादेपेक्षा १६ तास जास्त, आणि अटीचा भंग झालेला आहे. मालकाला वेतनाच्या चक्राशी कर्तव्य असते, व्हिसाचा हिशेब विद्यार्थ्यानेच ठेवायचा असतो. सोमवार ते रविवार अशा कोणत्याही एका आठवड्यात २४ तासांच्या वर जायचे नाही, एवढा नेम ठेवला की कोणतेही सलग दोन आठवडे घेतले तरी बेरीज ४८ च्या वर जात नाही. ज्यांना एखाद्या आठवड्यात जास्त तास घ्यावेच लागतात, त्यांनी आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही आठवड्यांचे तास वहीत मांडून मगच होकार द्यावा.

या हिशेबात सगळी कामे एकत्र धरली जातात. सकाळी कॅफे आणि संध्याकाळी घरपोच खाद्यपदार्थ पोहोचवण्याचे काम असेल, तर दोन्हींचे तास मिळवायचे असतात. दुसरे काम स्वतःच्या व्यवसाय क्रमांकावर केले म्हणून ते बाहेर राहत नाही. पगार रोख मिळतो म्हणूनही नाही. ज्या कामाबद्दल एरवी मोबदला दिला जातो असे काम विनामोबदला केले तरी ते कामच ठरते. त्यामुळे वर्ग सुरू होण्यापूर्वी तीन आठवडे आधी पोहोचून एखाद्या उपाहारगृहात "नुसती चाचणीसाठी" पाळी करून पाहणे हाही पहिल्या भागाचा भंग आहे, आणि नव्याने आलेल्यांकडून हीच चूक फार होते. अभ्यासक्रमाचा नोंदणीकृत भाग असलेले प्रशिक्षण तेवढे मर्यादेत मोजले जात नाही. संशोधनावर आधारित पदव्युत्तर पदवी आणि पीएचडी करणाऱ्यांना अभ्यासक्रम सुरू झाल्यावर तासांची मर्यादा नाही, पण आपल्या विद्यार्थिनीचा अभ्यासक्रम त्यात बसत नाही.

सुट्टी कोणती, हे विद्यापीठाच्या शैक्षणिक दिनदर्शिकेवरून ठरते. परीक्षांचा काळ सत्रातच मोजला जातो. आपला शेवटचा पेपर आठवडाभर आधी संपला म्हणून आपली सुट्टी आधी सुरू होत नाही. प्रत्येक सत्राची दिनदर्शिका उतरवून वेतनपावत्यांसोबत जपून ठेवली, तर पुढे विचारणा झाल्यास सांगायला आधार राहतो. विचारणा होऊ शकते, कारण मालक प्रत्येक पगाराची माहिती करखात्याला कळवत असतो आणि करखाते व गृहव्यवहार खाते आपापली माहिती ताडून पाहतात.

भंग झाल्याचे खात्याला वाटले तर व्हिसा तडकाफडकी जातो असे नाही. बहुधा आधी रद्द करण्याचा विचार असल्याची लेखी सूचना येते आणि ठरावीक मुदतीत उत्तर द्यायचे असते. त्या मुदतीत उत्तर न देणे ही सर्वांत मोठी चूक होय. व्हिसा रद्द झाल्यास पुढील तीन वर्षे बहुतेक तात्पुरते व्हिसा मिळण्यात अडथळा येऊ शकतो. दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी: जास्त तास झाले म्हणून केलेल्या कामाचा पगार बुडत नाही, आणि "व्हिसा रद्द करवीन" अशी भीती घालून कमी पगारात राबवणे हा जुलै २०२४ पासून मालकाचा फौजदारी गुन्हा आहे. अशा वेळी फेअर वर्क ऑम्बड्समन या सरकारी कार्यालयाकडे दाद मागता येते.

जोडीदार सोबत येत असेल, तर त्याचे मंजुरीपत्र वेगळे असते आणि त्यावर 8105 ऐवजी 8104 हा क्रमांक असतो. विद्यार्थिनी पदव्युत्तर अभ्यासक्रमाला असल्याने तिचे वर्ग सुरू झाल्यानंतर तिच्या नवऱ्याला तासांची मर्यादा नाही. एकाच घरातील दोन पत्रे एकसारखी समजून वाचू नयेत.

मुक्कामाचा हक्क तारखेपेक्षा 8202 या अटीवर अधिक अवलंबून आहे. ही अट म्हणते की नोंदणीकृत अभ्यासक्रमात प्रवेश कायम असला पाहिजे, प्रगती आणि उपस्थिती समाधानकारक असली पाहिजे, आणि अभ्यासक्रमाची पातळी व्हिसा ज्यासाठी मिळाला त्याहून खाली जाता कामा नये. फी जड वाटू लागली की कोणीतरी स्वस्त महाविद्यालयातील पदविकेला "बदली" करून देण्याचे आमिष दाखवतो. ऑस्ट्रेलियाच्या पात्रता चौकटीत पदव्युत्तर पदवी नवव्या पातळीवर आहे आणि पदविका पाचव्या. नवव्यावरून पाचव्यावर जायचे तर आधी नवा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. जुन्या व्हिसावर नुसता प्रवेश बदलला तर पत्रावरील ३० ऑगस्ट २०२८ ही तारीख तशीच दिसत राहते, पण व्हिसा रद्द होण्यास कारण मिळालेले असते. पातळी तीच ठेवून संस्था बदलायची असली, तरी मुख्य अभ्यासक्रमाचे पहिले सहा महिने पूर्ण होईपर्यंत सहसा मूळ संस्थेची परवानगी लागते. संस्था प्रवेशातील प्रत्येक बदल सरकारी नोंदणी यंत्रणेत टाकते, त्यामुळे तो खात्यापासून लपत नाही. 8516 ही अट याचाच विस्तार आहे: ज्या निकषांवर व्हिसा मिळाला ते निकष पुढेही पूर्ण होत राहिले पाहिजेत.

बाकीच्या अटी थोडक्यात सांगता येतील. 8501 नुसार आरोग्य विमा संपूर्ण मुक्कामभर चालू ठेवायचा, मध्ये एक दिवसाचाही खंड न पाडता. 8533 नुसार पोहोचल्यापासून सात दिवसांत आणि घर बदलल्यावर सात दिवसांत पत्ता संस्थेला कळवायचा. सुरुवातीला नातेवाइकांकडे आठवडाभर राहून मग भाड्याच्या खोलीत जाणाऱ्याने दोनदा कळवायला हवे. 8517 शाळकरी मुले सोबत असणाऱ्यांसाठी आहे. पत्रात 8534 किंवा 8535 दिसल्यास मात्र थांबावे, कारण या अटींमुळे देशात राहून पुढचा व्हिसा मागण्याचा मार्ग बऱ्याच अंशी बंद होतो.

आता पुन:प्रवेश. "Multiple" हा शब्द व्हिसा जिवंत असेपर्यंतच उपयोगाचा आहे. सत्राच्या सुट्टीत सांगलीला येऊन परत जाण्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. दोन गोष्टी मात्र निघण्यापूर्वी पाहाव्यात. पासपोर्ट मध्येच नवा काढला असेल, तर व्हिसा अजून जुन्या क्रमांकाशी जोडलेला असतो आणि मुंबई विमानतळावर विमान कंपनीला तो दिसत नाही. नवा क्रमांक खात्याच्या ImmiAccount या ऑनलाइन अर्जसेवेतून आधीच कळवून VEVO वर खात्री करावी. दुसरे, प्रवेश चालू असल्याचे विद्यापीठाकडून तपासून घ्यावे. फी थकल्याने किंवा गैरहजेरीमुळे प्रवेश रद्द झालेला असेल, तर व्हिसाची तारीख शिल्लक असूनही मेलबर्नला उतरल्यावर सीमा अधिकारी विचारणा करू शकतात आणि तेथेच व्हिसा रद्द होऊ शकतो.

खरी गफलत अभ्यासक्रम संपल्यावर होते. आपली विद्यार्थिनी जून २०२८ मध्ये उत्तीर्ण होते आणि पदवीनंतर तेथे काम करण्यासाठी असलेल्या सबक्लास 485 या व्हिसाचा अर्ज जुलैत तेथूनच करते. त्यासोबत तिला ब्रिजिंग व्हिसा ए, म्हणजे अर्जाचा निकाल लागेपर्यंत तेथे राहू देणारा तात्पुरता व्हिसा, मंजूर झाल्याचे आणखी एक पत्र येते. ते विद्यार्थी व्हिसाच्या पत्रासारखेच दिसते, पण हा व्हिसा विद्यार्थी व्हिसा संपल्यावर, म्हणजे ३१ ऑगस्टपासून लागू होतो, आणि त्यावर देशात राहता येते, बाहेर जाऊन परत येता येत नाही. दोन्ही पत्रांतील हा फरक प्रवासाच्या ओळीत आहे आणि तीच ओळ वाचायची राहून जाते.

त्या वर्षी गणेश चतुर्थी २३ ऑगस्टला आहे. ती १८ ऑगस्टला निघाली आणि गौरी-गणपती आटोपून २९ ऑगस्टला मेलबर्नला उतरली, तर ती विद्यार्थी व्हिसावरच आत येते आणि काही अडत नाही. परत आल्यावर ब्रिजिंग व्हिसाची स्थिती VEVO वर तपासून पाहावी एवढेच. अनंत चतुर्दशीपर्यंत, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत थांबायचे तिने ठरवले, तर मात्र ३० ऑगस्टला तिचा विद्यार्थी व्हिसा संपतो, ब्रिजिंग व्हिसा ए तिला परत नेऊ शकत नाही, आणि विमान कंपनी तिला बसू देणार नाही. तेवढे दिवस थांबायचे असेल तर निघण्यापूर्वी ऑस्ट्रेलियात असतानाच ब्रिजिंग व्हिसा बी घ्यायला हवा. त्याला शुल्क आहे, प्रवासाचे सबळ कारण द्यावे लागते, आणि प्रवासाच्या तीन महिने ते दोन आठवडे आधी अर्ज करावा असे खाते सांगते. अर्ज केल्याची पावती पुरत नाही. मंजुरीपत्र हाती आल्यावर त्यातही "Must not arrive after" ची तारीख पाहायची, आणि परतीचे तिकीट त्या तारखेच्या काही दिवस अलीकडचे काढायचे, कारण एखादे विमान रद्द झाले तरी मुदतीत पोहोचता यावे. ही तारीख 485 च्या निकालाची वाट पाहत नाही.